तृषा कोण?

पाटण तालुक्यातल्या एका गावात कुठेही शब्द जुळवायचे झाले की माणसं गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसत. मंगलाष्टकं, मानपत्रं, निरोप समारंभाची कविता, नव्या देवळाची आरती, सगळं त्यांच्याकडचं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माधव जूलियनांचं 'छंदोरचना' अजून हाताशी असायचं आणि वृत्तात एक मात्रा कधी इकडची तिकडे झाली नाही हा त्यांचा अभिमान होता. तो खोटाही नव्हता.

त्या वर्षी १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी त्यांनी मुलींकरता पाऊसगाणं लिहून दिलं. पहिलं कडवं असं होतं:

कृष्णजलद हे नभी दाटता
वसुंधरेचे तृषार्त मानस
पर्जन्याच्या स्पर्शे होई
पुलकित अवघे सृष्टीअंतर

शाळेत नव्याने बदलून आलेल्या बाई मराठी शिकवायच्या, पेटी वाजवायच्या. त्यांनी भूपातली एक सोपी चाल लावली, ताल केरवा. गावातला एक शेतकरी ढोलकीवर. मुली सातवीच्या, गळ्याने चांगल्या. तरी तालीम पुढे सरकेना. दुसऱ्या ओळीला आवाज बारीक व्हायचे आणि तिसऱ्या ओळीत 'पर्जन्याच्या स्पर्शे'पाशी अर्ध्या मुली गप्प बसायच्या, उरलेल्या ढोलकीच्या मागे पडायच्या. 'होई' आलं की सगळ्या जोरात ओरडायच्या, कारण तेवढंच तोंडात नीट बसत होतं.

बाईंना आधी वाटलं, पाठांतर कच्चं आहे. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, ही तृषा कोण?"

ती पोर 'तृषा' म्हणून थांबत होती आणि पुढे 'र्त मानस' असं काहीतरी एका घोटात उरकत होती. चालच तिला तसं करायला लावत होती.

संध्याकाळी बाई गुरुजींकडे गेल्या. जपूनच बोलल्या, पण बोलल्या. गुरुजींनी वही पुढे ओढली.

"मात्रा मोजा," ते म्हणाले. "कृष्णजलद हे, आठ. नभी दाटता, आठ. वसुंधरेचे, आठ. तृषार्त मानस, आठ. प्रत्येक ओळ सोळाची. केरव्याची दोन आवर्तनं बरोबर भरतात. आता कुठे अडतं ते दाखवा."

"मोजणीत अडत नाही गुरुजी. जडपणा कुठे पडतो तिथे अडतं."

बाईंनी टेबलावर बोटांनी केरवा धरला. केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर वजन येतं, तीन आणि सातला हलका आधार मिळतो. "वसुंधरेचे" त्यांनी तालात म्हणून दाखवलं. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, नुसता 'व' येतो, एका मात्रेचा. जड 'सुं' दुसरीवर सुरू होतो आणि तिसरी गिळून टाकतो. 'तृषार्त'चं तेच. समेवर 'तृ', आणि 'षार्' भलत्याच ठिकाणी. तयारीचा गवय्या हे सहज सांभाळील, त्याला त्यात मजाही वाटेल. चाळीस मुलींच्या घोळक्याला समेवर पाय टेकायला काहीतरी भरीव लागतं.

"आणि 'पर्जन्याच्या स्पर्शे'," बाई म्हणाल्या, "यात बारा मात्रांत सहा जोडाक्षरं आहेत. र्ज, न्य, च्य, स्प, र्श... "

"पाच," गुरुजी म्हणाले. मोजणीत ते सोडणार नव्हते.

"पाच. प्रत्येक ठिकाणी जीभ वळवायला वेळ जातो. वाचताना तो कळत नाही. चालीत कळतो. त्यात माझी चाल तिथेच वर चढते. वरच्या सुरावर 'स्प' म्हणायचं म्हणजे ओठ मिटून सूर लावायचा."

तिसरी अडचण ओळीच्या शेवटाची होती. गाण्यात ओळ संपली की शेवटचा स्वर थोडा धरतात, तिथेच श्वास भरून घेतात. 'मानस' आणि 'अंतर' बोलताना 'मानस्', 'अंतर्' असे संपतात, धरायला स्वर उरत नाही. मुली मग 'मानसाऽऽ', 'अंतराऽऽ' करत होत्या. अर्थ आधीच कळत नव्हता, आता शब्दही बदलला. शिवाय सोळाच्या सोळा मात्रा शब्दांनी भरलेल्या, श्वासाला जागा कुठेच नाही.

गुरुजी काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गदिमांनी संस्कृत शब्द वापरले नाहीत? गीतरामायणात काय कमी आहेत? पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये वर्षभर लागत होतं. घराघरांत बायाबापड्या म्हणत होत्या. त्यांना नाही कुणी विचारलं तृषा कोण."

हा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि असे वाद नेहमी इथेच थांबतात. पण बाईंनी त्याला उत्तर दिलं आणि मला ते पटतं. त्या छप्पन्न गीतांत शब्द संस्कृत आहेत, पण बहुतेक गीतं कुणीतरी कुणाला तरी म्हणतं. राम भरताला, दशरथ कौसल्येला. बोलणारा आहे, ऐकणारा आहे, म्हणून वाक्याला बोलण्याची चाल आहे. "तुमचं कडवं कोण कुणाला म्हणतंय, गुरुजी?"

गुरुजींनी वही मिटली. "तुम्हीच लिहा मग सोप्या भाषेत," ते म्हणाले. स्वर चांगला नव्हता.

बाईंनी रात्री बसून लिहिलं. दर शब्द घ्यायचा आणि त्याच्या जागी बोलीतला शब्द ठेवायचा, मात्रा तितक्याच राखायच्या. हे जमलंही:

काळे ढग हे वरती जमता
तहानलेले मन जमिनीचे
पाणी लागुन होई येथे
खूश खूश हे आतुन सारे

दुसऱ्या दिवशी 'खूश खूश हे' आलं आणि मुली हसून हसून वाकल्या. ढोलकीवाल्याने ढोलकी बाजूला ठेवली. शाळेत डोकावलेले गुरुजी दारातून म्हणाले, "हे गाणं आहे की पंचनामा?" आणि या वेळी ते बरोबर होते.

शब्द सगळे रोजचे, तरी गाणं पहिल्याहून पुस्तकी. कारण पुस्तकीपणा शब्दांत थोडाच होता. 'ढग जमता' असं कोण बोलतं? 'जमले की' म्हणतात. 'होई' घरात कुणी म्हणत नाही. जमिनीचं मन तहानलं, ही कल्पनाच कागदावरची. तिला 'तृषार्त' शोभत होतं, संस्कृतच्या शालीत ती निदान झाकलेली होती. बाईंनी शाल काढून घेतली आणि आत काही नाही हे सगळ्यांना दिसलं. गाणी सोपी करायला बसणारी बहुतेक माणसं याच पायरीवर थांबतात आणि मग म्हणतात, बोलीत गोडवा नाही.

बाई थांबल्या नाहीत, पण पुढे काय करायचं तेही त्यांना सुचत नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्या पुन्हा गुरुजींच्या ओट्यावर आल्या. जुलै संपत आलेला. बोलणं कडव्यावरच चाललं होतं आणि गुरुजी 'पुलकित'ची बाजू मांडत होते. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून सर उतरताना दिसली. गुरुजी वाक्य अर्धं टाकून उठले आणि आत ओरडले,

"अगं, सर आली, सर आली! दोरीवरचं काढ आधी! आणि दारं लाव!"

आतून आवाज आला, "लावतेय हो! पोरं बघा आधी, भिजली सगळी!"

नातवंडं अंगणात निथळत उभी होती. बाईंनी पर्समधून बिल काढून त्याच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. गुरुजी परत येऊन बसेपर्यंत कागदावर हे होतं:

सर आली गं, सर आली,
दोरीवरचं काढा गं!
दारं लावा, म्हणता म्हणता
पोरं सगळी भिजली गं!

"हे तर आमच्या घरातलं बोलणं आहे," गुरुजी म्हणाले.

"तुमचंच आहे. मी फक्त मापात बसवलं. आता मोजा."

गुरुजींनी मोजलं. पहिली ओळ चौदा. भुवई वर गेली. दुसरी चौदा. तिसरी सोळा, चौथी पुन्हा चौदा. "तीन ओळींत दोन-दोन मात्रा कमी."

"त्या श्वासाच्या. शेवटच्या अक्षरावर पोरी थांबतील आणि दम घेतील. तिसरी मुद्दाम भरलीय. दार लावायला वेळच मिळाला नाही ना? मग तिथे दम घ्यायलाही वेळ नाही, तसंच चौथीवर पडायचं."

मग त्यांनी 'दोरीवरचं' तोडून दाखवलं. बोलताना हा शब्द दो-री-वर-चं असा सुटतो. चार तुकडे, प्रत्येक दोन मात्रांचा, आणि चारही केरव्याच्या एक, तीन, पाच, सातवर अचूक पडतात. कुणी बसवले नाहीत. मराठी बोलण्यात शब्दाच्या आतला 'अ' असा गळतो आणि दोन लघू मिळून एक भरीव तुकडा होतो. 'वर'चा 'वर्', 'सगळी'चं 'सग-ळी', 'भिजली'चं 'भिज-ली'. बोलणारं तोंड ही जुळणी दिवसभर करतच असतं. कागदावर लघू-गुरू लावताना आपण हे तुकडे पुन्हा सुटे करतो आणि मग गाणाऱ्याला सांगतो, आता तू जोड.

चाल जिथे वर चढत होती तिथे आता 'दारं लावा' येत होतं. 'दा' आणि 'ला', दोन्ही आकार. वरच्या सुराला तोंड आपोआप उघडतं. शेवटी 'ली' आणि 'गं', दोन्ही धरता येतात. 'गं' हा भरीचा शब्द म्हणून कवी त्याला नाक मुरडतात, पण इथे तो भरीचा नाही. तो आहे म्हणून कळतं की एक बाई दुसरीला सांगते आहे.

सोमवारी मुलींनी कडवं एकदा ऐकलं आणि म्हणायलाच लागल्या. अर्थ कुणी विचारला नाही. 'पोरं सगळी भिजली गं' म्हणताना पुढच्या रांगेने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं, तेही कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या कडव्याची गोष्ट लवकर उरकली, कारण गुरुजींनाच आता चुरस लागली होती. त्यांची जुनी ओळ होती 'पूल लंघुनी ओघ चालला'. सोळा मात्रा, जोडाक्षर एकही नाही, सगळं अडलेलं फक्त 'लंघुनी'वर. 'लंघुन' म्हटलं तर मात्रा हुकते म्हणून 'लंघुनी'. पाहुनी, घेउनी, धावुनी ही सगळी अशीच ताणलेली रूपं. वृत्ताचा खड्डा बुजवायला कवी ती हाताशी ठेवतात, आणि एकदा सवय लागली की खड्डा नसतानाही वापरतात. बाईंनी फक्त विचारलं, "गुरुजी, पुलावर खरं झालं काय होतं?"

"काय व्हायचं? काल ओढा कोरडा होता. रात्री वर पाऊस झाला, सकाळी फरशी पुलाला पाणी भिडलं. पलीकडच्या वाडीतल्या पोरी दप्तर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारा काठावरून हात देऊन एकेकीला अलीकडे घेत होता."

बोलता बोलता ते थांबले. पेन त्यांनीच उचललं.

काल कोरडा होता ओढा,
आज पुलाला भिडला गं!
दप्तर माझं डोक्यावरती,
हात जरासा द्या की हो!

'डोक्यावरती'तला 'ती' थोडा भरीचा आहे, बोलताना आपण 'डोक्यावर' म्हणतो. बाईंच्या ते लक्षात आलं. पण चौथ्या ओळीतलं 'द्या की हो' इतकं खरं होतं की त्यांनी 'ती'बद्दल तोंड उघडलं नाही. जोडाक्षरं इथेही आहेत, 'दप्तर'चं 'प्त', 'डोक्या'चं 'क्य'. एकही अडत नाही, कारण ती रोजच्या वापरात घासून गुळगुळीत झालेली आहेत आणि ओळीत गर्दी करत नाहीत. जोडाक्षर दिसलं की काढ, असा नियम केला असता तर दप्तर घरीच राहिलं असतं.

असा नियम बाईंनी जवळपास केलाच होता, तिसऱ्या कडव्याच्या वेळी. गुरुजींच्या मूळ वहीत नक्षत्रांची नावं होती. बाईंनी ती सरसकट खोडली. 'आर्द्रा' तर त्यांना पोरींच्या तोंडी अशक्यच वाटत होती, र, द, र एकावर एक. ढोलकीवाला कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

"बाई, नक्षत्रं कशाला काढली?"

"पुस्तकी वाटतात हो. पोरींना जड जातील."

"पुस्तकी?" तो म्हणाला. "आमची आई शाळंत गेली न्हाई कधी. ती म्हनायची, मिरीग कोरडा गेला, आर्द्रा बी गेल्या, आता काय पेरायचं. आमी पाऊस तारखंनं मोजतच न्हाई."

त्या पोरींपैकी निम्म्या शेतकऱ्यांच्या होत्या. बाईंनी 'आर्द्रा' म्हणायला सांगितलं आणि सगळ्यांनी सहज म्हटलं, दोघी-तिघींनी 'आडदरा' म्हटलं, तेही तालात. 'पर्जन्य' आणि 'आर्द्रा' दोन्ही संस्कृतच. पण एक वहीतून आलेला होता आणि दुसरा बांधावरून. कडव्याचं तोंड मग गुरुजींनी आणि ढोलकीवाल्याने मिळून केलं:

मृग गेला हो, गेल्या आर्द्रा,
'आत्ता येतो' म्हणतो गं!

'म्हणतो' कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्याची वाट बघायची त्याचं नाव बाया घेत नाहीत, असं ढोलकीवाला म्हणाला आणि हसला. गुरुजींनी मात्र 'मिरीग' करू दिलं नाही, 'मृग'च ठेवला. मात्रा दोनच हव्या होत्या आणि 'मिरीग'च्या चार होतात. तिथे वृत्त जिंकलं, आणि जिंकायलाच हवं होतं. बोलणं गाण्यात आणायचं म्हणजे ताल सोडायचा असं नव्हे.

त्या दिवसांत बाईंनी मुलींना एक कसोटी लावून दिली होती. ओळ चालीशिवाय म्हणायची, ओढ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या मैत्रिणीला ओरडून सांगितल्यासारखी. 'दोरीवरचं काढा गं' ओरडता येतं. 'हात जरासा द्या की हो' येतं. 'पुलकित अवघे सृष्टीअंतर' ओरडून बघितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, पलीकडची म्हणेल, काय झालं गं तुला?" गुरुजी तिथेच बसले होते. त्यांनाही हसू आलं.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांनी गाणं ऐकलं. आवडलं त्यांना. पण झेंडावंदनाचा दिवस, अधिकारी येणार, आणि गाण्यात देशाचं नाव नाही. शेवटी एक कडवं मातृभूमीचं हवंच, असं त्यांनी सांगितलं. गुरुजींनी बसल्या बैठकीला लिहून दिलं. सोळा-सोळा मात्रा, 'वंदन', 'स्पंदन', 'अभिनंदन', यमकं चोख. बाईंनी वाचलं, पेटीवर एकदा वाजवून बघितलं आणि काही न बोलता मुलींना शिकवलं. १५ ऑगस्टला चारही कडवी झाली, टाळ्या पडल्या, चौथ्या कडव्याला अधिकाऱ्यांनी मान डोलावली.

बाईंची पुढे बदली झाली. गाणं शाळेत राहिलं, दर पावसाळ्यात नव्या सातवीला जुनी सातवी शिकवते. वहीत चार कडवी आहेत, मुली म्हणतात तीन.